बायकोला आणि आईला ॲड-ऑन कार्ड देताय? आधी लिमिटचं गणित बघा

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला, माझ्या क्रेडिट कार्डाची लिमिट 3 लाख आहे. बायकोला एक आणि सांगलीला आई-बाबा असतात त्यातल्या आईला एक असं ॲड-ऑन कार्ड घ्यायचा विचार आहे, आईचं मुख्यतः दवाखान्यासाठी. त्यांनी खर्च केला तर पैसे भरायची जबाबदारी कोणाची? आणि लिमिट त्यांना वेगळी मिळते की माझ्यातूनच जाते? बँकवाला फोनवर म्हणतो "तुम्ही आईला 1 लाखाची लिमिट देऊ शकता", म्हणजे नक्की काय?

उत्तर: कार्ड डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढलीत, त्यातली काही वसुलीच्या टेबलवर, त्यामुळे सुरुवात बँकवाल्याच्या त्या वाक्यापासूनच करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. "आईला 1 लाखाची लिमिट देऊ शकता" हे खोटं नाहीये, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आईसाठी 1 लाख बाजूला काढून ठेवले जातात, तिची वेगळी पेटी झाली, आता त्याला कोणी हात लावणार नाही. तसं काहीच होत नाही. तो 1 लाख म्हणजे आईने यापेक्षा जास्त खर्च करू नये अशी वरची मर्यादा आहे, तिच्यासाठी राखून ठेवलेली रक्कम नाही. घरी पाण्याची टाकी एकच असते ना, त्याला तीन नळ. आईच्या नळाला तुम्ही छोटी तोटी बसवलीत म्हणून तिच्यासाठी टाकीत पाणी शिल्लक राहील असं थोडीच आहे, बाकीच्या दोन नळांनी टाकी रिकामी केली तर तिची तोटी उघडून पाणी येणार नाही.

आरबीआयचे क्रेडिट कार्डाचे नियम याबाबतीत एकदम सरळ आहेत. ॲड-ऑन कार्ड द्यायचं ते मुख्य कार्डधारकाने ज्याचं नाव दिलंय त्यालाच, मुख्य कार्डधारकाच्या एकूण मंजूर लिमिटच्या आतच, आणि देणं मुख्य कार्डधारकाचंच, हे स्पष्ट धरून. म्हणजे तिन्ही कार्डांचा मिळून एक हिशेब, एक बिल, एक ड्यू डेट आणि ते बिल तुमच्या नावावर. आईची केवायसी होईल, पॅन-आधार मागतील, पण तिचं उत्पन्न कोणी विचारणार नाही, कारण कर्ज तिला दिलेलंच नाही, तुम्हाला दिलंय.

आता तुमचं मुख्य कारण दवाखाना आहे म्हणून आमच्याकडे आलेली एक केस सांगतो, तुमच्यासारखीच आहे जवळजवळ. मुलगा पुण्यात, लिमिट 3 लाख, आईवडील गावी. आईच्या ॲड-ऑनला 1 लाखाची मर्यादा लावलेली आणि कार्ड घेतल्यापासून तिने एक रुपया खर्च केलेला नाही. एका संध्याकाळी तिला ॲडमिट करायची वेळ आली, हॉस्पिटलने 80,000 डिपॉझिट मागितलं, वडिलांनी तिला कार्ड काढायला सांगितलं, तिने पिन टाकला आणि डिक्लाइन. पुन्हा केलं, पुन्हा डिक्लाइन. मुलाला फोन केला तर तो म्हणतो की असं कसं होईल, आईचे 1 लाख तर तसेच पडलेत.

ॲपमध्ये बघितलं तेव्हा चित्र असं होतं. त्याचा स्वतःचा खर्च 1,32,000, त्यातले 70,000 आधीच्या बिलातले, ज्यांची ड्यू डेट अजून चार दिवस लांब होती म्हणून त्याने भरले नव्हते, आणि 62,000 चालू महिन्यातले. बायकोच्या ॲड-ऑनवर 41,000. सहा महिन्यांपूर्वी फ्रिज आणि एसी 84,000 ला बारा हप्त्यांच्या ईएमआयवर घेतला होता, त्याचे निम्मे म्हणजे 42,000 अजून लिमिटमधून अडकलेले. ही गोष्ट लोक सर्रास विसरतात, ईएमआय महिन्याला 7,000 जातो म्हणून वाटतं की 7,000 च लिमिट गेली, पण राहिलेलं सगळं मुद्दल लिमिटमधून कापलेलं असतं आणि हप्ता भरत जाल तसं थोडं थोडं मोकळं होतं. आणि शेवटचं म्हणजे मागच्या आठवड्यात तो ज्या हॉटेलात उतरला होता तिथे चेक-इनला 15,000 ब्लॉक केलेले, बिल वेगळं भरलं पण ब्लॉक अजून सुटलेला नव्हता. बेरीज करा, 1,32,000 अधिक 41,000 अधिक 42,000 अधिक 15,000 म्हणजे 2,30,000. टाकीत उरले 70,000. आईची मर्यादा लाखाची असली तरी तिला खर्च करता येतील ते 70,000 च, कारण मर्यादा आणि टाकीतलं शिल्लक यातलं जे कमी तेच लागू. आणि हॉस्पिटलने स्वाइप केले 80,000. मशीन काही 70,000 घेऊन 10,000 नंतर द्या असं म्हणत नाही, पूर्ण रक्कम बसली नाही की पूर्ण नाकारते.

तोडगा तसा सोपा होता पण त्या घाईत कोणाला सुचत नाही. ड्यू डेटची वाट न बघता त्याने तिथल्या तिथे त्याच बँकेच्या नेट बँकिंगने 70,000 भरले, थोड्या वेळात लिमिट मोकळी होऊन शिल्लक 1,40,000 झाली आणि तिसऱ्यांदा स्वाइप केल्यावर व्यवहार गेला. दुसऱ्या बँकेतून भरलं असतं तर पैसे खात्यावर चढायला जास्त वेळ लागला असता, कधी दुसरा दिवसही उजाडतो, त्यामुळे अशा वेळेसाठी कार्ड आहे त्याच बँकेत सेव्हिंग खातं असणं कामाला येतं. किंवा दुसरा मार्ग म्हणजे काउंटरवर सांगायचं की कार्डावर 65,000 घ्या आणि बाकीचे यूपीआयने घ्या, हॉस्पिटलं सहसा ऐकतात.

म्हणून तुम्हाला माझं म्हणणं असं की आईचं कार्ड खरोखर दवाखान्यासाठीच असेल तर तुमचा आणि बायकोचा खर्च धरून टाकीत नेहमी किती उरतं हे आधी तीन महिन्यांच्या बिलावरून बघा. दर महिन्याला तिघांचं मिळून लाख-सव्वा लाखाच्या आत राहत असेल आणि मोठा ईएमआय चालू नसेल तर ठीक चालेल. पण तुमचा एकट्याचाच खर्च दोन लाखांच्या आसपास जात असेल तर आईच्या कार्डावरची लाखाची मर्यादा फक्त ॲपमध्ये दिसण्यापुरतीच आहे. मग एकतर लिमिट वाढवून घ्या, किंवा आईच्या नावावर छोटी एफडी करून त्यावर तिचं स्वतःचं कार्ड घ्या, त्यात लिमिट एफडीच्या रकमेच्या हिशेबाने मिळते आणि ती तिचीच असते, तुमच्या दिवाळीच्या खरेदीने ती संपत नाही. सांगलीला बाबांची पेन्शन ज्या बँकेत येते तिथेच विचारून बघा.

मर्यादा कशी लागते हे पण बँकेगणिक वेगळं असतं हां. काही ठिकाणी ॲड-ऑनला वेगळी मर्यादा लावली नाही तर आपोआप तुमची पूर्ण लिमिटच त्या कार्डावर खुली असते, म्हणजे आईच्या पर्समधलं कार्ड 3 लाखांचं. काही ठिकाणी ती मर्यादा दर बिलिंग सायकलला नव्याने सुरू होते, काही ठिकाणी पैसे भरल्याशिवाय सुटत नाही. कस्टमर केअरला फोन करून हा एक प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

आता जबाबदारीचं. हे लोकांना कागदावर कळतं पण मनाला पटत नाही. बायकोने 22,000 खर्च केले, बिल आलं 1,20,000 चं, नवऱ्याने स्वतःचे 98,000 भरले आणि म्हणाला तुझे तू भर. घरात हे ठीक आहे पण बँकेला यातलं काही दिसत नाही. बँकेच्या दृष्टीने एका माणसाने 1,20,000 पैकी 98,000 भरले आणि 22,000 थकवले. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली कमीत कमी भरायची रक्कम, त्यापेक्षा जास्त भरलंय म्हणून लेट फी लागणार नाही, पण मागचं बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी दिवस जातात, आणि ते फक्त त्या 22,000 चे नाही तर पुढच्या नव्या खरेदीचे पण, तिन्ही कार्डांवरच्या. समजा व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, तर 22,000 वर महिन्याचे 770 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे साधारण 909 रुपये. एवढं लोक सोसतात. पण त्याच महिन्यात तिघांनी मिळून 60,000 ची नवी खरेदी केली आणि सरासरी वीस दिवस धरले तर त्यावर आणखी 1,400 आणि जीएसटी धरून 1,650 च्या आसपास. म्हणजे सांगलीला आईने घेतलेल्या औषधांवरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण पुण्यात नवरा-बायकोत 22,000 वरून वाद चाललाय! आणि बायकोने नंतर स्वतःच्या खात्यातून 22,000 भरले तरी ते तिच्या कार्डाच्या खात्यात जात नाहीत, वेगळं खातंच नाही, ते त्याच एका हिशेबात जमा होतात. त्यामुळे बिल आलं की आधी एकाने पूर्ण भरायचं आणि मग आपापसात काय ते देवाणघेवाण करायची, हा क्रम उलटा करू नका.

मिनिमम ड्यू पण भरला नाही तर ड्यू डेटनंतर तीन दिवस जातात आणि मग थकीत म्हणून नोंद होते, ती तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डमध्ये. बायकोच्या किंवा आईच्या नाही. वसुलीचा फोन पण तुम्हालाच. यावरून आठवलं, बरेच जण बायकोला ॲड-ऑन देतात ते तिचं सिबिल तयार होईल या आशेने, तर त्यावर फार विसंबू नका. सिबिल रिपोर्टमध्ये खातं कोणाचं आहे याचे प्रकार असतात, वैयक्तिक, जॉइंट, जामीनदार आणि ऑथराइज्ड युजर म्हणजे वापरायची परवानगी असलेला. ॲड-ऑनवाला फार तर त्या शेवटच्या रकान्यात बसतो, आणि उद्या तिने स्वतःच्या नावावर होम लोन मागितलं तर तिने स्वतः कर्ज घेऊन फेडलंय असं त्यातून दिसत नाही. तिला इतिहास बनवायचाच असेल तर वर म्हटलं तसं एफडीवरचं तिचं स्वतःचं कार्ड घ्या. उलट बाजूने मात्र परिणाम पूर्ण होतो, तिने 3 लाखांपैकी दीड लाख वापरले तर तुमच्या सिबिलमध्ये तुम्ही अर्धी लिमिट वापरली असंच दिसतं.

यातली एक गोष्ट वसुलीच्या टेबलवर फार बघितलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवरा-बायकोचं बिनसतं, बायको माहेरी जाते आणि कार्ड तिच्याकडेच असतं. मग नवरा तक्रार करतो की हे 47,000 मी खर्च केले नाहीत, मला विचारलंही नाही, हा फ्रॉड आहे. बँक ही तक्रार फेटाळते आणि बरोबरच करते, कारण त्याने स्वतः तिचं नाव देऊन, सही करून कार्ड घेतलंय. तिने तिच्या कार्डाने, तिच्या पिनने केलेला व्यवहार अनधिकृत ठरत नाही. त्याला मनातून वाटत असेल की परवानगी संपली, पण बँकेला कळवेपर्यंत ती संपलेली नसते. कार्ड बंद करायला मात्र बायकोची सही किंवा संमती लागत नाही, मुख्य कार्डधारक ॲपमधून दोन मिनिटांत ब्लॉक करू शकतो. आधी ब्लॉक करायचं आणि मग लेखी विनंती देऊन ते कार्ड कायमचं रद्द करून घ्यायचं, आणि तिथेच न थांबता त्या कार्डावर चालू असलेले ऑटो पेमेंट वेगळे रद्द करायचे, ओटीटी, इन्शुरन्स वगैरे. 15,000 पर्यंतचे असे ठरलेले व्यवहार दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकतात, त्यामुळे कार्ड बदललं म्हणून ते आपोआप थांबले असं धरून चालू नका, ॲपमध्ये मॅन्डेटची, म्हणजे ऑटो पेमेंटला दिलेल्या परवानग्यांची, यादी उघडून बघा. आणि ब्लॉक करायच्या आधी झालेले पण बिलात अजून न दिसलेले व्यवहार नंतर येतात, ते भरावेच लागतात. याउलट भानगड न करता फक्त मर्यादा कमी करायची असेल तर ती पण तुमच्याच हातात आहे.

आईच्या बाबतीत भीती वेगळी आहे, तिच्या खर्चाची नाही तर फोनवरच्या भामट्यांची. "लाईट बिल भरलं नाही, आज रात्री कनेक्शन तोडणार" असा मेसेज महाराष्ट्रात कोणाला आला नाही सांगा. त्यात दिलेल्या नंबरवर आईने फोन केला, त्याने कार्ड नंबर आणि ओटीपी काढून घेतला आणि 38,000 गेले, तर कोण भरणार? आरबीआयने 2017 मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची, कुठेतरी तिसरीकडे डेटा फुटला, असं असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर 5 लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डाला जास्तीत जास्त 10,000. पण ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तो निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. ग्राहक म्हणजे इथे तुम्ही, ओटीपी आईने सांगितला असला तरी. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, त्यामुळे इथे एकेक मिनिट मोजायचं असतं, आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक, मग बँकेला फोन करून तक्रार नंबर घ्यायचा, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

म्हणून आईचं कार्ड हातात आलं की तिच्याकडे पाठवण्याआधी सेटिंग करून ठेवा. ऑनलाइन व्यवहार बंद, परदेशातले बंद, एटीएममधून कॅश काढायची मर्यादा शून्य, कारण कॅशवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. दवाखान्यात आणि मेडिकलमध्ये मशीनवर कार्ड घालून पिन टाकायचा तेवढं चालू ठेवा. टॅप करून 5,000 पर्यंत पिनशिवाय जातात, तेही माझ्या मते आईच्या कार्डावर बंदच बरं, कार्ड बाजारात हरवलं तर कोणीही टॅप करेल. ही चालू-बंद करायची सोय बँकेला द्यावीच लागते, ॲपमध्ये "कार्ड कंट्रोल" किंवा "मॅनेज" अशा नावाने असते, फक्त ती ॲड-ऑन कार्ड निवडून करायची, नाहीतर लोक स्वतःच्या कार्डाचं ऑनलाइन बंद करून बसतात आणि मग स्विगी का चालत नाही म्हणून फोन करतात.

ओटीपी आणि खर्चाचे मेसेज कोणाच्या मोबाईलवर येणार हे फॉर्म भरतानाच ठरवा. काही बँका मुख्य कार्डधारकाच्याच नंबरवर पाठवतात, काही ॲड-ऑनवाल्याचा नंबर वेगळा घेतात. आईसाठी तुमचा नंबर बरा, कारण मेसेज तुम्हाला लगेच दिसेल आणि ओटीपी तिच्याकडे नसला की भामट्याला तो सांगणारही कोण. बायकोसाठी तिचा स्वतःचा नंबर द्या, नाहीतर ती दुकानातून फोन करणार आणि तुम्ही मीटिंगमध्ये.

शेवटचं थोडं अवघड आहे पण विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो. मुख्य कार्डधारक गेला तर ॲड-ऑन कार्डांचा आधारच जातो, बँकेला कळवलं की ती बंद होतात, आणि कळवायच्या आधीही घरच्यांनी ती वापरू नयेत, गेलेल्या माणसाच्या नावावर नवं देणं चढवल्यासारखं होतं आणि नंतर ते वैयक्तिक अंगावर येऊ शकतं. थकलेलं बिल बँक त्याने मागे ठेवलेल्या पैशातून-मालमत्तेतून मागते, वारसांकडून त्यांच्या वाट्याला जे आलं तेवढ्यापुरतंच. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई तिघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत दोन्ही ॲड-ऑनवाल्या वारस पण असणार, पण ते वारस म्हणून, कार्ड वापरत होत्या म्हणून नाही. मात्र ॲड-ऑनच्या फॉर्मवर आईची किंवा बायकोची सही घेताना अटींमध्ये "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार" असा काही मजकूर आहे का ते वाचा. असेल तर सही करण्याआधी बँकेला लेखी विचारा की आरबीआयच्या नियमात जबाबदारी मुख्य कार्डधारकाची म्हटलेली असताना ही ओळ कशासाठी आहे. वसुलीवाला सांगलीला आईच्या दारात उभा राहतो तेव्हा तो हीच ओळ दाखवतो.

तुमचा महिन्याचा साधारण खर्च आणि चालू ईएमआय किती आहे ते लिहिलंत तर आईला किती मर्यादा लावावी ते सांगू शकेन.